दिवाळीनंतर उरलेल्या कपड्यांवर सूट: किती द्यायची आणि कधी

प्रश्न: आमचं तालुक्याच्या गावी कपड्यांचं दुकान आहे. 2025 च्या दिवाळीसाठी भरलेल्या मालातला खरेदीच्या भावाने साधारण 4 लाखांचा माल उरलाय. लेडीज कुर्ती-दुपट्टा सेट, लहान मुलांचे कुर्ता-पायजमा, थोडे जेन्ट्स कुर्ते. समोरच्याने भाऊबीज होताच 50 टक्क्यांचा बोर्ड लावलाय. वडील म्हणतात घाई नको, पुढच्या दिवाळीला जाईल. सेल कधी लावू आणि किती टक्क्यांचा?

उत्तर:

टक्का ठरवण्याआधी दोन कामं उरकून घ्या. पहिलं, ज्या व्यापाऱ्यांकडून माल आणला त्यांना याच आठवड्यात फोन करा आणि काय परत घेतील ते विचारा. पूर्ण बंडलं, टॅग न काढलेला माल आणि सगळ्या साइज शाबूत असलेले डिझाइन लग्नसराईच्या खरेदीच्या बदल्यात काही व्यापारी परत घेतात. पैसे हातात देणार नाहीत, क्रेडिट नोट देतील. ती घेतलीत तरी चालेल, कारण लग्नसराईचा माल तुम्हाला भरायचाच आहे. डिसेंबरात विचारलंत तर बहुतेक नकार येईल, तोवर त्यांचंही गिऱ्हाईक संपलेलं असतं. आणि एकदा तुमच्या दुकानातून सुटीच्या भावाने विकायला सुरुवात झाली की ते डिझाइन परत करायचा विषयच संपतो.

दुसरं काम म्हणजे 4 लाखांच्या मालाला एक ढीग समजणं सोडून द्या. त्यात तीन वेगळ्या जातीचा माल आहे आणि तिन्हींचा निर्णय वेगळा आहे.

एक माल असा की ज्याला दिवाळीची गरजच नाही. जेन्ट्समधले पांढरे, क्रीम, एकरंगी कुर्ते लग्नात, साखरपुड्यात, पूजेला, पाडव्याला जातात. 19 मार्च 2026 ला गुढीपाडवा आहे आणि तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. काळ्या रंगाची कुर्ती उरली असेल तर तिला हातही लावू नका, संक्रांतीला ती पूर्ण भावाने जाईल. 2026 मध्ये 17 मेपासून अधिक महिना आहे. त्यात लग्नं थांबतात, पण जावयाला कपडे करायचे असतात, त्यामुळे जेन्ट्सचा चांगला माल तेव्हाही हलतो. या मालावर सूट दिलीत तर ती फुकट गेलेली सूट आहे. तो नाहीतरी विकला जाणारच होता.

दुसरा माल सणाला आणि याच वर्षाच्या फॅशनला बांधलेला असतो. फॉइल प्रिंटचे सेट, आरसे आणि टिकल्यांचं काम, यंदा चाललेला एखादा रंग, मुलांच्या कुर्त्यावरचे यंदाचे छाप. सुटीचा सगळा हिशोब या मालासाठी करायचा आहे.

तिसरा म्हणजे कट-साइज आणि खराब झालेला माल. मुलांच्या एखाद्या डिझाइनमध्ये 20 आणि 34 उरले, मधले सगळे गेले, किंवा हँगरवर लटकून खांद्याला रंग उडाला, ट्रायल घेताना मळला. यात पायरीपायरीने उतरण्यात अर्थ नाही. त्या मापाचं मूल घरात असलेलं गिऱ्हाईकच तो घेणार, आणि ते आज दारात आहे तेव्हाच घेणार. असा माल वेगळ्या टेबलावर टाका, 199, 299 असे थेट आकडे लावा आणि पहिल्या दिवसापासून काढायला लागा.

आता दुसऱ्या ढिगाकडे येऊ. इथे सगळ्यात मोठी अडचण टक्क्यांची नसते, खरेदीच्या भावाची असते. '620 ला आणलाय, 600 ला कसा देऊ?' हे वाक्य बहुतेक दुकानांत सेल उशिरा लागण्याचं मूळ आहे. ते 620 रुपये कधीच गेले. आज पीस विका, जानेवारीत विका किंवा माळ्यावर टाका, ते तेवढेच गेलेले राहतात. बघायचं एवढंच की हा पीस आजपासून पुढे कुठल्या वाटेने जास्तीत जास्त रुपये आणेल. मी एक डिझाइन घेऊन हिशोब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या दुकानातली गती त्यात टाका.

रेयॉनचा फॉइल प्रिंट कुर्ती-दुपट्टा सेट, खरेदी 620, विक्री 1,095, दोन्ही करासकट. 120 पीस आणले, आजपर्यंत 74 गेले, 46 उरले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 25 गेले होते, म्हणून मनात येतं की 46 म्हणजे दोन आठवड्यांचा माल. इथेच चूक होते. सणातली गती नोव्हेंबरात लागू नाही. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात किती गेले ते बघायचं. समजा 2 गेले. संक्रांतीपर्यंत 10 आठवडे आहेत आणि तोवर हा माल संपला पाहिजे. 46 भागिले 10, म्हणजे आठवड्याला साधारण 5 पीस जायला हवेत. आजची गती 2 आहे, ती अडीचपट व्हायला हवी. किती सूट द्यायची याचं उत्तर या एका आकड्यातून निघतं: गती अडीचपट करणारी सगळ्यात कमी सूट. गरजेची गती आजच्या दीडपटच असती तर त्याहून हलकी सूट पुरली असती. पाचपट असती तर 20 टक्क्यांवर वेळ न घालवता 30-35 वरच सुरुवात करावी लागली असती.

आता दोन वाटा बघा. पहिल्या वाटेत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच 20 टक्के उतरवून 875 ला लावला. आठवड्याला 5 गेले, चार आठवड्यांत 20 पीस, 17,500 रुपये. 1 डिसेंबरला 35 टक्के उतरवून 710 केले. तोवर आवडीचे रंग गेलेले असतात, म्हणून गती 4 धरू. चार आठवड्यांत 16 पीस, 11,360 रुपये. उरलेले 10 डिसेंबरअखेर 499 ला लावले, संक्रांतीपर्यंत गेले, 4,990 रुपये. एकूण 33,850.

दुसऱ्या वाटेत भाव सोडला नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्ण भावाने आठवड्याला एखादाच करत 8 पीस गेले, 8,760 रुपये. जानेवारीत 38 पीस उरले आणि आता 50 टक्के, म्हणजे 547 ला लावले. पण महिना थंड, मधल्या साइज संपलेल्या. 20 गेले, 10,940 रुपये. उरलेले 18 लॉटवाल्याला 200 च्या भावाने दिले, 3,600. एकूण 23,300.

46 पीसची खरेदी 28,520 होती. पहिल्या वाटेने ती सुटून वर पाच हजार राहिले, दुसऱ्या वाटेने पाच हजार खिशातून गेले. दुसऱ्या वाटेत पहिले आठ पीस चांगल्या भावाने गेले म्हणून बरं वाटत राहतं, तोटा सगळा शेवटच्या 18 पीसमध्ये बसलेला असतो. लवकर दिलेली लहान सूट उशिरा दिलेल्या मोठ्या सुटीपेक्षा जवळजवळ नेहमी स्वस्त पडते, कारण लवकर दिली तेव्हा रंग-साइज पूर्ण असतात आणि रस्त्यावर माणसं असतात.

पायऱ्या 20, 35 आणि 50 अशा का? कपड्यात 10 टक्के गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाहीत. तेवढं तर ते घासाघीस करूनच मागतं, आणि 10 टक्क्यांचा बोर्ड लावून वर त्याला आणखी 50 रुपये सोडावे लागतात. म्हणून पहिली पायरी 20 ची. त्यानंतर दर आठवड्याला पाच-पाच टक्के उतरवत गेलात तर लोक थांबायला शिकतात आणि पोरांना टॅग बदलत बसावं लागतं. प्रत्येक पायरीला किमान तीन आठवडे द्या, पण पहिल्या 10 दिवसांनंतर एकदा मोजा. गती 5 च्या जवळ पोचली असेल तर हात लावू नका. 3 वरच अडकली असेल तर महिना संपायची वाट न बघता 35 वर जा. 8 झाली असेल तर सूट जास्त झाली असं समजा, पण भाव परत चढवू नका. एकदा 875 ला दिसलेला पीस 975 ला दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास सगळ्याच टॅगवरून उडतो. अशा वेळी फक्त पुढची पायरी लांबवायची.

मोजायला संगणक लागत नाही. एका वहीत डिझाइनचा नंबर, शिल्लक पीस, या आठवड्यात गेलेले पीस आणि संपवायची तारीख, असे चार रकाने पुरतात. दर सोमवारी अर्धा तास. डिझाइननिहाय मोजणं मात्र सोडू नका. 'कुर्ती सेट 40 गेले' असा एकत्र आकडा लिहिलात तर त्यातले 30 एकाच डिझाइनचे होते हे कळणारच नाही, आणि ज्याला सूट लागत नव्हती त्यालाही पुढची सूट मिळून जाईल.

तारखांचं म्हणाल तर पायरी शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि तुमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी बदला. पगार आणि गर्दी दोन्ही एकत्र मिळतात. दुसरी पायरी 1 डिसेंबरला धरण्याचं कारण असं की डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासामुळे लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि नटण्यासारखे कपडे घ्यायचं कारणच कमी होतं. त्या थंड पट्ट्यात शिरायच्या आधी मोठा हिस्सा निघालेला हवा. मुलांच्या मालाला याच दिवसांत एक चांगली खिडकी आहे ती शाळांच्या स्नेहसंमेलनांची. शिवाजी महाराजांच्या नाटुकल्यासारख्या कार्यक्रमांना कुर्ता-पायजमा लागतो, तोही स्वस्तातला, कारण एकदाच घालायचा असतो. नोव्हेंबरअखेर गावातल्या शाळांमध्ये चौकशी करा. एका वर्गाला एकाच रंगाचे 15-20 सेट हवे असतात, तिथे तुमचे उरलेले गठ्ठ्याने जातात आणि 35 टक्के सुटीपेक्षा बरा भाव मिळतो. तुमचा भाग उसाचा असेल तर पहिली बिलं खात्यावर कधी पडतात तेही बघा. सोयाबीन-कापसाच्या भागात पैसा नोव्हेंबरातच फिरतो, तिथे पहिली पायरी एक आठवडाही लांबवू नये.

वडिलांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, पहिल्या ढिगाबाबत ते बरोबरच आहेत. दुसऱ्या ढिगाबाबत मात्र त्यांच्यासमोर आकडे ठेवा. पुढचं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर 2026 ला आहे, अधिक महिन्यामुळे यंदापेक्षा अठरा दिवस उशिरा. म्हणजे माल वर्षभराहून जास्त पडून राहणार. आज 710 ला जाणारा पीस ठेवला तर 12 टक्के व्याजाने त्याचे 795 व्हायला हवेत. त्यात सहापैकी एक पीस खराब निघाला तर उरलेल्या पाचांनी त्याचाही भार उचलायचा, म्हणजे प्रत्येकी साधारण 955. वर्षभर जुनं डिझाइन, नव्या मालाच्या शेजारी, सरासरी 955 ला जाईल का, एवढाच प्रश्न त्यांना विचारा. आणि हे फक्त व्याज झालं. तेच पैसे लग्नसराईच्या मालात फिरले असते तर काय मिळालं असतं ते यात धरलेलंच नाही.

खराब होतं म्हणजे नक्की काय होतं हे माळ्यावरचा मागचा एखादा गठ्ठा सोडून दोघांनी मिळून बघा. फॉइलच्या नक्षीवर अंगठा घासा, घडीच्या रेघेवर ती तडकून चुरा हाताला लागतो. पांढऱ्या-क्रीम कापडाला घडीवर पिवळी रेघ येते, ती इस्त्रीने जात नाही. पायजम्याचं इलॅस्टिक ताणून सोडा, पावसाळा काढलेलं इलॅस्टिक परत पूर्ण आखडत नाही. साध्या जरीचं काम काळवंडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून वास येतो. पहिल्या ढिगातला माल ठेवायचा असेल तर तोही पिशवीतून काढून जुन्या सुती कापडात बांधा, मध्ये एकदा घडी मोडून परत घाला आणि जमिनीपासून वर ठेवा.

समोरच्याच्या 50 टक्क्यांना 50 टक्क्यांनी उत्तर देऊ नका. ओळखीच्या कुणाला पाठवा आणि तुमच्यासारख्या पीसचा शेवटचा भाव विचारून घ्या. पुष्कळदा 1,795 चा टॅग लावून त्यावर 50 टक्के असतात, म्हणजे हातात 897 पडतात. तुमचे 875 त्याहून कमीच आहेत. मग बोर्डावर टक्के लिहिण्यापेक्षा भाव लिहा: '1,095 चा सेट 875 ला'. त्याचं पाहून स्वतः टॅग फुगवायचा मोह टाळा. तालुक्याच्या गावात दिवाळीत 1,095 ला घेतलेली बाई शेजारणीला सांगते, आणि ती शेजारीण तुमच्या दुकानात आली की टॅग वाचते.

सेलचा माल वेगळ्या रॅकवर, शक्यतो दारापासून आत. अख्ख्या दुकानावर 'सेल' लिहिलंत की पांढऱ्या कुर्त्यावरही 'यावर किती?' सुरू होतं आणि नव्या लग्नाच्या मालाचा भाव पहिल्याच दिवशी मोडतो. 'बदलून मिळणार नाही' अशी पाटी मापासाठी, रंगासाठी ठीक आहे. सदोष निघालेला पीस परत घ्यायला मात्र ग्राहक कायद्याने नकार देता येत नाही, म्हणून तिसऱ्या ढिगातला दोष विकतानाच दाखवा आणि बिलावर लिहा.

एक हिशोब जीएसटीचा, जो भारी मालाला उपयोगी पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून कपड्यांवर एका पीसला 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के कर आहे. हे 2,500 कराआधीचे, आणि बिलावर दाखवलेली सूट वजा केल्यानंतरचे. समजा मुलांच्या मोठ्या मापाचा एखादा इंडो-वेस्टर्न 2,999 ला आहे, करासकट. त्यातले 2,541 तुमचे, बाकी कर. तोच 2,599 ला दिलात तर कर 5 टक्क्यांवर येतो आणि तुमच्याकडे 2,475 राहतात. गिऱ्हाइकाला 400 रुपये सुटले, तुमचे गेले 66. त्यामुळे 2,625 च्या वर ते 3,000 पर्यंतच्या टॅगचा जेवढा माल आहे तो आधी काढून बघा, तिथे 2,599 पर्यंत उतरणं जवळपास फुकटात पडतं. सूट बिलावर वेगळी दिसली पाहिजे, तोंडी सूट धरली जात नाही. कम्पोझिशनमध्ये असाल तर हा फायदा नाही, कारण तुमचा कर एकूण विक्रीवर जातो.

संक्रांतीनंतर जे उरेल त्याला आणखी पायऱ्या देऊ नका. दोन-तीन लॉटवाल्यांना एकाच दिवशी बोलवा, माल एकत्र दाखवा, वेगवेगळा निवडू देऊ नका, नाहीतर चांगले पीस उचलून कचरा तुमच्याकडेच ठेवतील. बोली फार खालची वाटून माल कुणाला वाटून टाकावासा वाटला, तर आधी सीएला विचारा: मोफत दिलेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर खरेदीवेळी घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, कमी भावाने विकलेल्यावर नाही. आणि जे 31 मार्चला तरी शिल्लक राहील ते स्टॉकमध्ये 620 ने धरू नका. खरेदीचा भाव आणि मिळू शकणारा भाव यातला जो कमी असेल तोच धरायचा, आणि तो मिळू शकणारा भाव कुठून आला हे दाखवायला लॉटवाल्याची लेखी बोली किंवा जानेवारीची बिलं फाइलला लावून ठेवा.